व्हॅलेंटाइन वीकची ऑफर कशी लिहावी : जोडी, ग्रुप आणि एकटं माणूस, सगळ्यांना एकच पाटी

फेब्रुवारी लागला की कॅफेबाहेर एक पाटी हमखास दिसते : ‘दुसऱ्या कॉफीवर ५० टक्के सूट’. तिच्यात ‘कपल’ हा शब्दही नसतो, त्यामुळे ती सगळ्यांसाठीच आहे असं लिहिणाऱ्याला वाटतं. पण कॉफी १६० रुपयांची धरा आणि टेबलागणिक हिशेब मांडून पाहा.

दोघं आले तर ३२० ऐवजी २४० रुपये, म्हणजे २५ टक्के सूट. एकच जण आला तर १६० रुपये, सूट शून्य. तिघी मैत्रिणी आल्या तर १६०, ८० आणि पुन्हा १६०, एकूण ४००. सूट जेमतेम १७ टक्के. शिवाय ते ८० रुपये कुणाच्या वाट्याचे, यावर टेबलावर चर्चा. चौघांना परत २५ टक्के, पाच जणांना २० टक्के. कुणालाही ‘येऊ नका’ न म्हणता या पाटीने सम संख्येतल्या लोकांना बक्षीस दिलं आणि एकट्या माणसाकडून पूर्ण दाम घेतला. पुढे खाली कितीही प्रेमळ वाक्यं लिहा, गणित बदलत नाही. म्हणून सुरुवात शब्दांपासून नाही, ऑफरच्या अटीपासून करायची.

पहिली पायरी : अट अशी ठेवा जी काउंटरवरून दिसते

काउंटरवर बसलेल्या माणसाला कप दिसतात, प्लेट दिसतात, घड्याळ दिसतं. समोरच्या दोघांचं नातं दिसत नाही. ‘कपल्ससाठी’ असं लिहिलं की ते ठरवायचं काम त्याच्या गळ्यात पडतं. मग दोन बहिणी असतील तर? वडील आणि मुलगी? दोन तरुण? कुणाला ‘तुम्ही कपल आहात का’ असं विचारणं हा अपमान, आणि न विचारता नाकारणं त्याहून मोठा. शेवटी कर्मचारी वैतागून सगळ्यांनाच सूट देतो, किंवा मनाला येईल त्याला देतो. दोन्हींत पाटी खोटी ठरते.

त्यामुळे ऑफर खुर्चीला लावा. एका खुर्चीवर बसलेल्या माणसाला एक ठरावीक प्लेट, एका ठरावीक किमतीत. एक खुर्ची असेल तर एकपट, दोन असतील तर दुप्पट, सात असतील तर सातपट. सम-विषम हा प्रश्नच उरत नाही आणि तोंडी हिशेब करता येतो.

उदाहरणादाखल पुढे हीच प्लेट धरू : कोणताही एक गरम कप आणि एक ब्राउनी. कपाची नेहमीची किंमत १६० रुपये, ब्राउनीची १४०. वेगवेगळं घेतलं तर ३००. ऑफरची किंमत २४०. प्रत्येकाला २० टक्के सूट, मग तो कुणासोबतही येवो.

ब्राउनी अंड्याची असेल तर इथेच थांबून विचार करा. अंडं न खाणारे ग्राहक भरपूर असतात, आणि पाचांच्या ग्रुपमध्ये एक जरी तसा निघाला तरी पाची जण दुसरीकडे जातात. या आठ दिवसांपुरती ब्राउनी एगलेस करावी आणि तसं पाटीवर लिहावं. नात्यापेक्षा या एका शब्दाने जास्त लोक आत येतील.

दुसरी पायरी : किंमत परवडते का, ते जुन्या बिलांवरून पाहा

या किमतीत ५ टक्के जीएसटी धरलेला आहे असं समजू. २४० मधून कर वजा केला की सुमारे २२९ रुपये उरतात. कपाचं साहित्य ४५ रुपये, ब्राउनीचं ५०. म्हणजे प्लेटमागे १३४ रुपये सुटले. नुसती कॉफी विकली असती तर १६० मधून कर आणि साहित्य जाऊन १०७ सुटले असते. दोन्ही पूर्ण दराने विकले असते तर १९१.

याचा अर्थ असा. जो ग्राहक एरवी फक्त कॉफी घेऊन जातो, तो या प्लेटकडे वळला तर पैशांपर्यंतचा हिशेब धरून २६ रुपये जास्त मिळतात. जो एरवीही दोन्ही घेतोच, त्याच्यामागे ५७ रुपये जातात. मग मागच्या महिन्याची बिलं काढा आणि शंभर कपांमागे किती जणांनी ब्राउनी घेतली ते मोजा. रोज ४० प्लेट विकायच्या असतील आणि त्यातले १० जण नेहमीचे ‘दोन्ही घेणारे’ असतील, तर ३० जणांकडून ७८० रुपये जास्त आले, १० जणांमागे ५७० गेले. दिवसाला २१० रुपये वर. तेच १५ जण असतील तर उलट २०५ रुपयांची खोट. साधारण बारावर, म्हणजे शंभरामागे तीस-एकतीसवर, काटा बरोबरीत येतो. (नवे ग्राहक आले तर प्रत्येकामागचे १३४ रुपये वेगळे, पण ते आधीच गृहीत धरू नका.)

तुमचा शंभरामागचा आकडा तीस-एकतीसपेक्षा बराच वर असेल तर ब्राउनी हा या ऑफरसाठी चुकीचा पदार्थ आहे. लोक आधीच ज्याच्याकडे फारसे वळत नाहीत, असा पदार्थ निवडा. व्हॅलेंटाइनला लाल रंगाचा केकच हवा असा काही नियम नाही.

रोजचा कोटा इथेच ठरवा आणि तो खरा ठेवा. ४० प्लेट लिहिलंय तर ४० प्लेटचा माल सकाळी तयार हवा. दुपारी बाराच्या आत ‘संपलं’ म्हणणारी ऑफर लोक फसवणूक समजतात, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची भ्रामक जाहिरातींबाबतची मार्गदर्शक तत्त्वंही त्याकडे तसंच पाहतात. माल मर्यादित असेल तर ते जाहिरातीतच सांगायला हवं.

तिसरी पायरी : १४ तारखेची संध्याकाळ वेगळी काढा

‘एकट्या माणसाला दोघांचं टेबल दिलं की धंदा अर्धा होतो’ ही मालकांची तक्रार खोटी नाही. पण ती आठवडाभर खरी नसते. दुपारी तीन वाजता अर्धी टेबलं रिकामीच असतात. तेव्हा एक माणूस दोघांच्या टेबलावर दोन तास बसला तरी काही जात नाही. अडचण फक्त १४ फेब्रुवारीच्या संध्याकाळी येते, आणि तिचं उत्तर वेळेत आणि बैठकीत शोधायचं.

समजा, कॅफेत २४ खुर्च्या आहेत : दोघांची आठ टेबलं, चौघांची दोन. १४ तारखेला संध्याकाळी ५ नंतर ऑफर बंद ठेवा, सगळ्यांसाठीच. त्या वेळी जागा तशीही भरते. सूट देऊन गर्दी वाढवण्यात अर्थ नाही, आणि कुणाला तरी वगळल्याचा डागही लागत नाही. चौघांची दोन टेबलं जोडून आठ खुर्च्यांचं एक लांब टेबल करा. दोघांच्या आठ टेबलांपैकी सहा फोनवर राखून ठेवता येतील अशी सांगा, उरलेली दोन आधी येईल त्याला. लांब टेबलावरही खुर्ची राखून ठेवता आली पाहिजे, अगदी एक असली तरी. मग एकटं माणूस दारात उभं राहून कुणाच्या दयेवर थांबत नाही; त्याच्या नावाची खुर्ची असते. बसण्याची वेळ दीड तास ठेवायची असेल तर ती सगळ्या टेबलांना सारखी ठेवा. जोडीला दोन तास आणि ग्रुपला एक, असं केलंत तर सगळ्यांत आधी ग्रुपवालेच आवाज करतील.

चौथी पायरी : मजकूर

आता लिहायला बसा. आधी एक कच्चा मसुदा पाहू, कारण बहुतेक पाट्या साधारण अशाच असतात :

‘व्हॅलेंटाइन स्पेशल! तुमच्या “तिला” घेऊन या आणि मिळवा स्पेशल कपल कॉम्बो! ग्रुप असेल तरी चालेल! सिंगल आहात? टेन्शन नॉट, आमची कॉफी आहे ना सोबतीला! अटी लागू.’

‘तुमच्या तिला’ या दोन शब्दांत वाचणारा पुरुष ठरला आणि येणारी बाई ठरली. पाटी वाचणाऱ्या निम्म्या लोकांना ती उद्देशूनच नाही. ‘चालेल’ हा शब्द जागा देतो, पण उंबऱ्यापाशी. ज्याला मनापासून बोलावतो त्याला आपण ‘आलास तरी चालेल’ म्हणत नाही. सिंगलवाल्या ओळीत तर सांत्वन आहे. एकट्याने कॉफी प्यायला येणारा माणूस दुःखी आहे, हे कुणी ठरवलं? त्याचं लग्न झालेलं असेल आणि नवरा किंवा बायको दुसऱ्या गावी असेल. त्याचं माणूस गेलं असेल. त्याला प्रेमबिमात रस नसेल. किंवा त्याला फक्त एक फाइल संपवायची असेल. शिवाय तिघांपैकी जोडीला पदार्थ मिळाला, ग्रुपला परवानगी मिळाली आणि एकट्याला विनोद मिळाला. ही असमानता वाचणाऱ्याला नेमकी सांगता येत नाही, पण टोचते.

दुरुस्तीचा साधा नियम : प्रत्येकाला सोय सांगा, भावना सांगू नका. कोण कुठे बसेल, काय मिळेल, किती पडेल. ज्याचं प्रेम आहे त्याला ते पाटीवरून कळवावं लागत नाही.

मराठीत लिहिताना लिंगाचा पेच जास्त आहे, कारण क्रियापद बोलतं. ‘एकटा आलास?’ म्हटलं की बाई वगळली, ‘एकटे आलात?’ म्हटलं तरी तेच. आज्ञार्थ आणि भविष्यकाळ वापरले की पेच सुटतो : ‘या’, ‘बसा’, ‘घ्या’, ‘याल’, ‘बसाल’ हे कुणालाही लागू पडतात. ‘दोघं’ लिहिलं की मैत्रिणींना ‘दोघी’ हवं असतं. ‘दोन जण’ किंवा सरळ ‘दोन खुर्च्या’ लिहा. ‘मित्र’ ऐवजी ‘मित्रमंडळी’ घ्या. आणि ‘आपलं माणूस’ ही मराठीतली मोठी सोय आहे. माणूस इथे नपुंसकलिंगी, त्यामुळे त्यात प्रेयसी, नवरा, आजी, लहानपणची मैत्रीण, सगळे मावतात.

जोडीसाठीचे शब्दही तपासून घ्या. ‘जोडपं’ म्हटलं की बऱ्याच वाचकांना लग्न झालेलं वाटतं. ‘प्रेमी युगुल’ हे बातमीतलं. बहुतेकदा पळून गेलेलं किंवा पोलिसांनी पकडलेलं. ‘कपल’ चालतो, पण अट म्हणून नको. ‘जोडी’ सर्वांत मोकळा, कारण दोन मैत्रिणींचीही जोडी असते. ‘सिंगल’ हा शब्द पाटीवरून पूर्ण काढावा. तो माणसाची वैवाहिक स्थिती सांगतो, आणि तुम्हाला फक्त खुर्च्यांची संख्या हवी आहे.

हे सगळं लावून तीच पाटी अशी होते :

‘एक कप, एक ब्राउनी : २४० रुपये
एका खुर्चीला हाच दर, दोन खुर्च्यांना हाच, आठांनाही हाच.
ब्राउनी एगलेस. कर धरून. पार्सललाही लागू.
७ ते १३ फेब्रुवारी दिवसभर. १४ ला संध्याकाळी ५ पर्यंत. रोज ४० प्लेट.

दोन खुर्च्या : कोपऱ्यातली टेबलं फोन करून राखून ठेवा.
तीन आणि पुढे : लांब टेबल आहे, बिल वेगवेगळं करून देऊ.
एक खुर्ची : खिडकीजवळची जागा, शेजारी चार्जिंग, उठायची घाई नाही.’

खालच्या तीन ओळी मुद्दाम सारख्या लांबीच्या आहेत आणि तिन्हींत एकेक खरी सोय आहे. तुमच्याकडे खिडकीजवळ जागा नसेल तर ती ओळ उचलू नका; जे आहे तेच लिहा. आणि ‘उठायची घाई नाही’ लिहिलंत तर खरंच घाई करू नका.

ओळींचा क्रम दर दोन दिवसांनी फिरवा. पहिली ओळ नेहमी जोडीची राहिली तर बाकीचे दोन परत पुरवणीत गेल्यासारखे वाटतात. खडूची पाटी असेल तर हे दोन मिनिटांचं काम.

उलटी चूकही होते. सगळ्यांना सामावायच्या नादात काही जण प्रेमाचीच टिंगल करतात : ‘प्रेम-बिम सोडा, कॉफी प्या’. या आठवड्यात हाती गुलाब घेऊन येणारे लोक तुमचे मुख्य ग्राहक आहेत. त्यांना वेंधळं ठरवून एकट्यांना खूश करता येत नाही. कारण एकट्याने येणाऱ्यालाही बहुधा त्यांच्याशी काही वैर नसतं.

अटी त्याच फळ्यावर, त्याच भाषेत आणि वाचता येतील एवढ्या अक्षरांत लिहा. वर उल्लेख केलेली २०२२ ची तत्त्वंही हेच सांगतात : दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत. मराठी पाटीखाली बारीक इंग्रजी अटी चालत नाहीत. आणि ‘कर धरून’ लिहिलेलं असो वा नसो, बिलात सेवाशुल्क आपोआप लावू नका. ते ऐच्छिक आहे, असं त्याच प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

फोनवर पाठवायचा मजकूर वेगळा लिहावा लागतो, कारण तिथे सूचनेत पहिली ओळच दिसते. ती ओळ ‘कपल्ससाठी खुशखबर’ असेल तर बाकीचे लोक संदेश उघडतच नाहीत, आणि खालची समावेशक वाक्यं कुणी वाचत नाही. पहिल्या ओळीत पदार्थ, किंमत, तारीख एवढंच : ‘कप आणि ब्राउनी २४० रुपयांत, ७ फेब्रुवारीपासून. या, कितीही जण.’ तीन गटांच्या ओळी त्याखाली. ६ तारखेला दुपारी पाठवा, आणि एकदाच.

फोटो हा मजकूराचाच भाग समजा. शब्द सगळ्यांसाठी आणि चित्रात एका ग्लासात दोन स्ट्रॉ, असं केलं तर चित्र जिंकतं. वरून काढलेला टेबलांचा एकच फोटो घ्या : एका टेबलावर एक कप, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर पाच. माणसं दिसायची गरज नाही.

पाचवी पायरी : आठ दिवसांची नावं

७ ला रोझ डे, ८ ला प्रपोज, ९ चॉकलेट, १० टेडी, ११ प्रॉमिस, १२ हग, १३ किस आणि १४ व्हॅलेंटाइन. प्रत्येक दिवसाला वेगळी ऑफर काढायचा मोह होतो. काढू नका, कर्मचाऱ्यांचा आणि ग्राहकांचा दोघांचाही गोंधळ होतो. ऑफर एकच, वर एखादी छोटी गोष्ट, तीही जिथे सहज बसते तिथेच.

गुलाब हातात देऊ नका, टेबलावर ठेवा. वेटरने टेबलाशी येऊन मुलीला गुलाब दिला की समोरच्या मुलाने काय करायचं, आणि टेबलावर दोन मुलगे असले तर कुणाला द्यायचा? दहा टेबलं, दहा बाटल्या, प्रत्येकीत एक गुलाब. ज्याला हवा तो घेऊन जाईल. फुलं चार-पाच दिवस आधी सांगून ठेवा. मावळातल्या पॉलीहाउसचा बराच गुलाब या दिवसांत परदेशी जातो, त्यामुळे ऐन ७ तारखेला बाजारात उरलेल्या मालाला भाव चढलेला असतो.

प्रपोज आणि प्रॉमिस या दोन्ही दिवसांना टेबलावर कोरी कार्डं आणि पेन ठेवलं की पुरतं. त्यावर ‘आपल्या माणसाला एक ओळ’ एवढंच छापा. कुणी प्रेम लिहील, कुणी ‘उसने पैसे मार्चमध्ये देतो’ लिहील. कार्डं भिंतीवर लावायची असतील तर लिहिणाऱ्याला विचारून लावा.

चॉकलेटला काही वेगळं करायची गरज नाही, ब्राउनी आहेच. टेडी सोडून द्या. हग आणि किस या दोन दिवसांना कुणाकडून काही करवून घेऊन त्यावर बक्षीस लावू नका. ‘काउंटरसमोर मिठी मारा, कुकी मोफत’ ही ऑफर एकट्या माणसाला तर वगळतेच. पण ज्यांना चारचौघांत तसं करायचं नाही, किंवा करणं परवडणार नाही, अशा जोड्यांनाही वगळते.

याच कारणाने ग्राहकांचे फोटो काढून कॅफेच्या पानावर टाकू नका, त्यांनी स्वतः सांगितल्याशिवाय. सेल्फी टाकून सूट मिळवा, हेही नको. घरी न सांगता आलेल्या जोड्या या आठवड्यात बऱ्याच असतात. फोटोची अट घातलीत की त्या दारातूनच परत जातात.

सहावी पायरी : दार, टेबल, बिल

पाटी चांगली असूनही ऑफर बिघडते ती तोंडी. दारावर उभ्या असलेल्या माणसाला एकच वाक्य शिकवा : ‘किती खुर्च्या लावू?’ ‘एकटेच का?’ आणि ‘अजून कोणी येणार आहे का?’ ही दोन वाक्यं आठवडाभर बंद. अर्थ तोच असला तरी दुसऱ्या प्रश्नात कुणीतरी यायला हवं होतं, असं ऐकू येतं.

दोन जण बसले असतील तर बिल टेबलाच्या मध्ये ठेवा. पुरुषासमोर सरकवायची सवय इतकी मुरलेली असते की आधी बजावून सांगितल्याशिवाय ती जात नाही. तीन किंवा जास्त असतील तर ऑर्डर घेतानाच विचारा, ‘बिल एकत्र की वेगवेगळं?’ शेवटी विचारलं की गर्दीच्या वेळी काउंटर दहा मिनिटं अडतो.

आणि बिलिंगच्या यंत्रात या प्लेटचं नाव काय टाकलंय ते पाहा. मागच्या वर्षीचं ‘कपल कॉम्बो’ नाव तसंच ठेवून फक्त किंमत बदलायची, ही नेहमीची चूक. मग आई-मुलाच्या बिलावर ते छापून येतं, एकट्या बाईच्या बिलावरही. नाव ‘फेब्रुवारी प्लेट’ ठेवा. ६ तारखेला एक खोटं बिल छापून खात्री करा, आणि एक, तीन व सात प्लेटची बेरीज २४०, ७२० आणि १,६८० येते का तेही पाहून घ्या. यंत्रात जुनी ‘दुसरं अर्ध्यात’ सूट चालू राहिली असेल तर ती इथेच सापडते.

सातवी पायरी : टांगण्याआधी आणि टांगल्यावर

पाटी लावण्याआधी ती कॅफेशी संबंध नसलेल्या चार-पाच वेगवेगळ्या लोकांना दाखवा : कॉलेजातली एक जोडी, तिघांचा ग्रुप, एकट्याने कॉफी पिणारी पन्नाशीची बाई, लहान मूल घेऊन येणारा बाप. ‘आवडली का’ असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. दोनच प्रश्न विचारा : तुम्ही आलात तर किती पैसे द्याल, आणि कुठे बसाल? दहा सेकंदांत दोन्ही उत्तरं पाटीवरून मिळाली पाहिजेत. बाप विचारेल, ‘मुलाने फक्त ब्राउनी खाल्ली तर?’ हा प्रश्न प्रत्यक्षातही येणारच. उत्तर आत्ताच ठरवा : कपाऐवजी गरम दूध घेता येईल, नुसती ब्राउनी नेहमीच्या दराने. तेवढी एक ओळ पाटीवर वाढवा.

पहिले दोन दिवस काउंटरजवळ एक कागद चिकटवून ठेवा. ‘हे आम्हाला लागू आहे का?’ असं कुणी विचारलं की एक रेघ ओढायची, आणि शेजारी एका शब्दात कोण ते : एक जण, ग्रुप, पार्सल, मूल. दिवसभरात एक-दोन रेघा असतील तर ठीक. एकाच प्रकारच्या पाच रेघा दिसल्या तर त्यांच्यासाठीची ओळ चुकली आहे किंवा फार खाली गेली आहे. ८ तारखेच्या रात्री पाटी पुसून ती ओळ वर घ्या आणि ९ ला परत मोजा.

प्लेटची विक्रीही खुर्च्यांप्रमाणे लिहून ठेवा. ऑर्डरच्या चिठ्ठीवर टेबलाचा आकडा असतोच, त्याखाली १, २ किंवा ३+ असं घाला. आठ दिवसांनी हे कागद एका पाकिटात घालून ठेवले की पुढच्या जानेवारीत लांब टेबल आठ खुर्च्यांचं करायचं की बारा, हे अंदाजाने ठरवावं लागत नाही. १४ ला संध्याकाळी पाच वाजता मात्र सगळ्यांत आधी पाटीवर ‘ऑफर संपली’ असं लिहा. नाहीतर सव्वापाचला पाटी वाचून आत आलेल्या माणसाला नाही म्हणणं अवघड जातं.